दुसऱ्या दिवशीची सूज

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एका हाताबद्दल बोलणार आहे. तो हात माझ्यासमोर आला तो सोमवारी संध्याकाळी. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, त्या बाईंच्या पालथ्या हातावर करंगळीच्या मुळाशी मधमाशी चावली होती. काटा त्यांनी लगेच नखाने खरवडून काढला. पहिल्या तासाभरात आग झाली, रुपयाएवढा लाल चट्टा उठला, जेवणाच्या वेळेपर्यंत दुखणं बरंच कमी झालं. त्या निर्धास्त झाल्या. सोमवारी सकाळी उठून पाहतात तर हाताच्या शिरा दिसेनात, बोटं मिटेनात. दुपारी सूज मनगट ओलांडून कोपराकडे निघाली आणि हाताच्या आतल्या बाजूने एक पुसट लाल रेघ वर चढलेली दिसली. रविवारी रात्री कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सुजेच्या कडेने पेनाने गोल काढून ठेवला होता. आता सूज त्या गोलाच्या वीतभर पुढे गेली होती.

"डॉक्टर, विष वर चढतंय का? की पिकलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सोबत एक चिठ्ठी होती. दुपारी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं.

मी त्यांना आधी एकच विचारलं, "दुखतंय जास्त की खाजतंय जास्त?" क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "खाज. ओढ लागल्यासारखं वाटतं, पण खरं सांगायचं तर खाजच." ताप नव्हता. कातडी गरम होती, पण दाबल्यावर त्या कळवळल्या नाहीत. हे पिकलेलं नव्हतं आणि विषही वर चढत नव्हतं. ही डंखाची मोठी स्थानिक प्रतिक्रिया होती.

आता हे होतं कसं ते पाहू. मधमाशीच्या विषात काही घटक पेशींचं आवरण फोडतात, त्यामुळे आग होते. एक घटक पेशी-पेशींच्या मधला चिकट गर सैल करतो, त्यामुळे विष आजूबाजूला पसरतं. ही पहिली आग आणि पहिला चट्टा विषाचाच, आणि तो बहुतेकांचा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरतो. पण काही जणांच्या शरीरात या विषाची ओळख पटवणारी ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. त्यांच्या बाबतीत पहिला भर ओसरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येते. पांढऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, आणि सूज चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाढतच राहते. दहा सेंटीमीटरच्या पुढे गेली की आम्ही तिला मोठी प्रतिक्रिया म्हणतो. ती पूर्ण उतरायला पाच ते दहा दिवस लागतात.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सूज वाढणं हा या प्रतिक्रियेचा स्वभावच आहे. पेनाने गोल काढायचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वाचायचा कसा हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सूज गोलाच्या बाहेर गेली तर तेवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत हातावर चढणारी ती लाल रेघ, काखेत आलेलं अवधाण, हेही या दाहातून होऊ शकतं. पापणीवर डंख झाला तर सकाळी दोन्ही डोळे बंद झालेले दिसतात, कारण तिथली कातडी सैल असते आणि पाण्याला पसरायला वाव मिळतो. पायाला चावलं तर घोटा फुगतो, कारण पाणी खाली उतरतं. दिसायला हे सगळं भयंकर असतं, आणि म्हणूनच इथे गरज नसताना अँटिबायोटिक लिहिलं जातं. मीही सुरुवातीच्या वर्षांत ते लिहीत असे. चार दिवसांनी सूज उतरायची, रुग्ण म्हणायचा औषधाने गुण आला, आणि मलाही ते खरं वाटायचं. पण ती सूज एरवीही त्याच वेळी उतरणार होती. माझ्या हातून अनेकांनी विनाकारण औषध घेतलं आणि काहींना त्या औषधाचे जुलाब झाले, हे मला आजही लागतं.

मग जंतुसंसर्ग ओळखायचा कसा? मी घड्याळाकडे पाहतो. जंतूंना वाढायला वेळ लागतो. काट्याच्या छिद्रातून किंवा खाजवून फाटलेल्या कातडीतून ते आत शिरले, तरी त्यांचा त्रास साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दिसू लागतो. एका मुलाच्या पोटरीला गांधीलमाशी चावली होती. दोन दिवसांत सूज उतरली होती, खाज मात्र राहिली होती आणि तो रात्रभर खाजवत असे. पाचव्या दिवशी तीच जागा पुन्हा लाल झाली, पण या वेळी खाज गेली होती आणि ठणका लागला होता. हात लावू देईना. मधोमध पिवळट पू होता, अंगात ताप होता. उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं, खाजेची जागा ठणक्याने घेतली, हाच तो बदल. त्या मुलाला अँटिबायोटिक हवंच होतं. पेनाचा गोल खरा उपयोगी पडतो तो इथे, चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या वेळी लाली रेषेच्या बाहेर सरकत असेल, तर उशीर करू नये. आणि ताप, हुडहुडी किंवा न सोसणारं दुखणं कुठल्याही दिवशी आलं, तर दिवस मोजत बसू नये.

तरी मला खरी भीती वाटते ती या दोन्हींची नाही. एका गृहस्थांच्या मानेवर मागून गांधीलमाशी चावली. जागेवर मसुराएवढा ठिपका होता, सूज म्हणावी अशी नव्हतीच. पाच मिनिटांत तळहात आणि तळपाय खाजू लागले. मग पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. मळमळ, एक उलटी, आवाज घोगरा. "मला काहीतरी विचित्र होतंय," असं ते घरच्यांना म्हणाले, उठून न्हाणीघराकडे निघाले आणि दारातच कोसळले. डंख होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती.

या दोन रुग्णांना शेजारी ठेवून पाहा. बाईंचा हात कोपरापर्यंत सुजलेला, पण त्यांच्या जिवाला धोका नव्हता. या गृहस्थांची मान पाहून कुणी दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं. सूज किती मोठी आहे यावरून धोका मोजायचा नसतो. डंखापासून सलग पसरत गेलेली सूज, ती कितीही मोठी असो, स्थानिकच. डंख मानेवर आणि गांधी पोटावर, डंख पायाला आणि सूज ओठांना, म्हणजे प्रतिक्रिया रक्तातून सगळ्या अंगभर गेली. त्यात धाप, छातीत घरघर, आवाज बसणं, घसा आवळणं, वारंवार उलट्या किंवा घेरी यांपैकी काहीही आलं, तर ती ॲनाफिलॅक्सिस समजायची. बहुतेकदा हे पहिल्या काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत सुरू होतं. आणि एक गोष्ट नीट ऐका. काही वेळा अंगावर एकही गांधी उठत नाही. माणूस नुसता पांढराफटक पडतो आणि रक्तदाब कोसळतो.

त्या क्षणी औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनानुसार. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं इंजेक्शन. सेटिरिझिनसारखी गोळी खाज कमी करते, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाही आणि आवळलेला घसा मोकळा करत नाही. "गोळी दिली आहे, थोडं बघू," यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. माणसाला आडवं ठेवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा, पण उभं करू नका, चालवू नका. ते गृहस्थ उभे राहिल्यावरच कोसळले होते, कारण सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त पायांकडे साचलं आणि हृदयाकडे परत आलंच नाही. मदतीला येणाऱ्यांनी वेळेत इंजेक्शन दिलं, ते वाचले. बरं वाटल्यावरही त्यांना काही तास रुग्णालयात ठेवलं, कारण लक्षणं एकदा जाऊन पुन्हा उलटू शकतात. आता ते ॲड्रेनॅलिनची दोन भरलेली इंजेक्शनं जवळ बाळगतात आणि विषाचीच सूक्ष्म मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची उपचारपद्धती घेत आहेत. तिला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, पण पुढच्या डंखाला असा प्रसंग येण्याची शक्यता त्याने खूपच खाली येते.

जाता जाता दोन अपवाद. तोंडात किंवा घशात डंख झाला, तर ॲलर्जी नसतानाही नुसत्या सुजेने श्वास अडू शकतो. आणि मोहोळ उठून पन्नास-शंभर डंख झाले, तर विषाची मात्राच शरीराला जड जाते, स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होते, तीही काही तासांनंतर. दोन्ही वेळा, माणूस ठीक दिसत असला तरी, थेट रुग्णालय गाठायचं.

आता त्या सोमवारच्या हाताकडे परत येऊ. मी अँटिबायोटिक थांबवलं. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळलेला बर्फ लावायला सांगितला, हात उशीवर उंच ठेवायला सांगितला, खाजेसाठी सेटिरिझिन दिलं. सूज कोपराशी पोहोचली होती म्हणून तीन दिवस प्रेडनिसोलोनची गोळी दिली. आणि हातातली अंगठी? ती त्यांनी रविवारी काटा काढल्याबरोबर साबण लावून काढली होती, म्हणून बरं. सोमवारी ती कापावी लागली असती. काटाही त्यांनी लगेच काढला हे फार चांगलं केलं. मधमाशीच्या काट्यासोबत विषाची पिशवी तुटून राहते आणि ती पहिल्या अर्ध्या मिनिटातच बहुतेक विष आत ढकलते, तेव्हा चिमटा शोधत बसण्यापेक्षा नखाने काढलेला काटा केव्हाही चांगला. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, म्हणून ती पुन्हा डसू शकते.

जाण्याआधी त्यांनी विचारलं, "म्हणजे मला ॲलर्जी आहे. पुढच्या वेळी माझा जीव जाईल का?" अशी मोठी सूज आलेल्यांत, पुढच्या डंखाला अंगभर प्रतिक्रिया येणारे शंभरांत साधारण पाच ते दहा असतात, आणि त्यातल्याही बहुतेकांची सौम्य असते. पुढच्या वेळी पुन्हा अशीच सूज येईल, हे मात्र बरंच संभवतं. म्हणून मी त्यांना कुठल्या तपासण्या सांगितल्या नाहीत. फक्त डंखापासून दूर गांधी उठल्या, दम लागला किंवा घेरी आली, तर क्षणाचाही विचार न करता मदत मागा, एवढं सांगितलं.

बुधवारी सूज मनगटाखाली आली. लाल रेघ गेली. शुक्रवारी बोटांच्या पेरांवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या, आणि पुढच्या मंगळवारी अंगठी बोटात परत गेली.