गुलाबी बिलावरचं टिंब

नमस्कार. समोर काही करसल्लागारांच्या ऑफिसातली मंडळी आहेत आणि काही प्रोग्रॅमर आहेत. दोघांचंही दुखणं एकच आहे, फोटोतल्या बिलाचे आकडे कंप्युटरला नीट वाचता येत नाहीत, म्हणून आज मी एकाच बिलाबद्दल बोलणार आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं बिल, तीन प्रतींपैकी गुलाबी प्रत. वरचा फॉर्म छापखान्यातून छापून आणलेला आणि आतला मजकूर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर उमटवलेला. गुलाबी प्रत म्हणजे कार्बनखालची, त्यामुळे अक्षरं निळसर आणि फिकट. दुकानाच्या मुलानं काउंटरवर ठेवून संध्याकाळी ट्यूबलाइटखाली फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. पान तिरकं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर मोबाइलची आणि हाताची सावली. नेमके तिथेच एकूण रकमेचे आकडे.

असा फोटो थेट टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दिला की वरचा अर्धा भाग बरा वाचला जातो आणि खाली नुसता कचरा येतो. मग पहिली गोष्ट सुचते ती ब्राइटनेस वाढवायची. का जमत नाही, ते आकड्यांनीच पाहू. करड्या चित्रात ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं. या फोटोत उजेडातला कागद २०५ होता आणि त्यावरची शाई ११०. सावलीतला कागद ९५ आणि शाई ५०. आता जरा थांबून बघा: उजेडातली शाई ११०, सावलीतला कागद ९५. म्हणजे इथली शाई तिथल्या कागदापेक्षा उजळ आहे! मग 'अमुक आकड्याच्या वर सगळं पांढरं, खाली सगळं काळं' अशी एकच रेघ कुठेही मारा, एक तर वरची अक्षरं उडतील नाहीतर खालचा कोपरा काळाकुट्ट होईल. ब्राइटनेस किंवा कॉन्ट्रास्ट वाढवलात तर चारही आकडे एकदम सरकतात, त्यांचा क्रम बदलत नाही. ओत्सूची पद्धत ती रेघ आपोआप शोधून देते, पण जी रेघ अस्तित्वातच नाही ती तीही शोधू शकत नाही.

इथे गुणोत्तर कामाला येतं. कॅमेऱ्यात येणारा प्रकाश म्हणजे तिथे पडलेला उजेड गुणिले कागदाची परत फेकण्याची ताकद. सावली उजेड कमी करते, पण शाई कागदाच्या किती टक्के प्रकाश परत फेकते ते बदलत नाही. ११० भागिले २०५ म्हणजे ०.५४. ५० भागिले ९५ म्हणजे ०.५३. दोन्ही जवळजवळ सारखे! वजाबाकी केली असती तर एकीकडे ९५ आणि दुसरीकडे ४५ उरले असते. म्हणून प्रत्येक ठिकाणी 'इथे कोरा कागद असता तर किती उजळ दिसला असता' हे आधी शोधायचं आणि त्यानं भागायचं. कोरा कागद शोधणं सोपं आहे. अक्षराच्या रेघेपेक्षा मोठा चौकोन घेऊन शाई बुजवून टाकायची, उरते ती पार्श्वभूमी.

```python
red = img[:, :, 2]
bg = cv2.morphologyEx(red, cv2.MORPH_CLOSE,
                      np.ones((31, 31), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
flat = cv2.divide(red, bg, scale=255)
```

भागाकारानंतर कागद सगळीकडे २५५ च्या आसपास येतो, शाई उजेडात १३७ आणि सावलीत १३४. सावली गेली. मला या कामात याच्याइतकी समाधान देणारी दुसरी पायरी माहीत नाही.

कोडमधली पहिली ओळ नजरेतून सुटू देऊ नका. हा कोड ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचा आहे आणि तिच्यात रंग निळा, हिरवा, लाल या क्रमानं येतात, म्हणून 2 म्हणजे लाल. मघाचे चारही आकडे लाल चॅनलमधलेच होते. गुलाबी कागद लाल प्रकाश भरपूर परत फेकतो आणि निळसर कार्बन तो गिळतो, म्हणून या प्रतीवर कॉन्ट्रास्ट सगळ्यात जास्त लाल चॅनलमध्ये मिळतो. नेहमीचं करडं चित्र तिन्ही रंगांची मिसळ असतं आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा हिरव्याचा. गुलाबी कागद हिरव्यात काळपट दिसतो, त्यामुळे करडं करतानाच आपण हातातला कॉन्ट्रास्ट घालवून बसतो. उलट पांढऱ्या बिलावर काळ्या अक्षरांवर निळा शिक्का मारलेला असेल तर निळा चॅनल घ्या, शिक्का फिका पडतो. कुठला चॅनल घ्यायचा हे कागदाकडे बघून ठरवायचं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. ३१ पिक्सेलच्या चौकोनापेक्षा मोठा काळा भाग असेल, म्हणजे कोष्टकाच्या डोक्यावरची काळी पट्टी आणि त्यात पांढरी अक्षरं, तर प्रोग्रॅमला ती पट्टीच 'कागद' वाटते आणि तिचा विचका होतो. त्या पट्टीत 'दर', 'नग' असले मथळेच असतात, म्हणून मी ते सोडून देतो.

आता तिरकेपणा. पहिलं काम ठरलेलं आहे: कागदाचे चार कोपरे शोधायचे आणि `cv2.warpPerspective` नं पान आयताकृती करायचं. कागद पांढऱ्या टेबलावर असेल तर कोपरे सापडत नाहीत, तेव्हा माणसाला चार ठिकाणी बोट ठेवायला सांगणं हाच खात्रीचा मार्ग. याच फटक्यात चित्र मोठंही करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. ए-फोर पानानं पूर्ण चौकट भरली असली तरी इंचाला १३७ पिक्सेलच पडतात आणि कॅपिटल अक्षर जेमतेम १३ पिक्सेल उंच येतं. टेसरॅक्टला २० ते ३० पिक्सेल उंचीचं अक्षर मानवतं, म्हणून दुप्पट. सरळ करणं वेगळं आणि मोठं करणं वेगळं असं दोनदा केलं तर दोनदा धूसरपणा येतो.

इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण या बिलात फॉर्म छापखान्यातला आहे आणि आकडे प्रिंटरचे. कागद प्रिंटरमध्ये जरा वाकडा गेला की फॉर्मच्या रेघा एका कोनात आणि मजकुराच्या ओळी दुसऱ्या कोनात. आपण कागदाच्या कडा आणि कोष्टकाच्या रेघा सरळ केल्या, मजकूर मात्र अंशभर तिरका राहिला. अंशभर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण दुप्पट केलेल्या पानाची रुंदी साधारण २२५० पिक्सेल आहे आणि एका अंशाला या टोकापासून त्या टोकापर्यंत ३९ पिक्सेलचा चढ पडतो. डॉट मॅट्रिक्स इंचाला सहा ओळी छापतो, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर साधारण ४६ पिक्सेल. डावीकडचा 'बिजागरी' उजवीकडच्या वरच्या ओळीतल्या रकमेला जाऊन चिकटतो. निकालात प्रत्येक आकडा बरोबर, पण भलत्याच मालासमोर आला, की हेच झालंय असं समजा.

म्हणून आधी फॉर्मच्या रेघा सरळ करायच्या, मग लांब आडव्या-उभ्या रेघा पुसायच्या. उभ्या रेघा पुसायला आणखीही कारण आहे: रकान्याची रेघ आकड्याला लागून असली की ४५० चे १४५० वाचले जातात. रेघा सरळ असतील तेव्हाच त्या नीट पुसता येतात, क्रम उलटा चालत नाही. रेघा गेल्यावर उरलेल्या मजकुराचा कोन वेगळा काढायचा. उणे दोन ते अधिक दोन अंश, पाव-पाव अंशानं चित्र फिरवून बघायचं आणि प्रत्येक वेळी आडव्या रांगेत शाई किती आहे ते मोजायचं. ओळी अगदी आडव्या झाल्या की काही रांगा शाईनं भरतात आणि मधल्या रांगा कोऱ्या राहतात. ही तफावत ज्या कोनात सगळ्यात जास्त, तो आपला कोन.

आणि आता टिंब. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अंधुक फोटोत कागदावर बारीक खसखस दिसते. ती घालवायला मी अगदी सुरुवातीला, फोटो मूळ आकाराचा असतानाच, ३×३ चा मीडियन फिल्टर लावला होता. चित्र सुरेख दिसू लागलं. बिलावर होतं: १२ नग, दर ८६.५०, रक्कम १०३८.००, सीजीएसटी ९ टक्के ९३.४२, एसजीएसटी तेवढाच, राउंड ऑफ ०.१६, एकूण १२२५.००. प्रोग्रॅमनं वाचलं: दर ८६५०, रक्कम १०३८००, कर ९३४२. टिंबं गायब. डॉट मॅट्रिक्सचं टिंब म्हणजे पिनेचा एक ठिपका, साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. इंचाला १३७ पिक्सेलच्या फोटोत तो फार तर दोन बाय दोन पिक्सेल व्यापतो. मीडियन फिल्टर नऊ पिक्सेलांमधला मधला आकडा घेतो आणि नवांत चार काळे म्हणजे अल्पमत. टिंब कायद्यानं उडालं.

मला खरा धक्का बसला तो पुढे. मी तपासणी ठेवली होती: नग गुणिले दर बरोबर रक्कम, रकमेचे नऊ टक्के बरोबर कर, सगळ्याची बेरीज बरोबर एकूण. बिल तपासणीत पास झालं! कारण सगळीच टिंबं एकदम गेली की प्रत्येक रक्कम शंभरपट होते आणि शंभरपट केलेलं गणितही जुळतंच. १२ गुणिले ८६५० बरोबर १०३८००. राउंड ऑफचे ०१६ सुद्धा बेरजेत चपखल बसले. १८६.८४ च्या जागी १८,६८४ रुपयांचं करक्रेडिट नोंदलं गेलं आणि जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीशी, म्हणजे जीएसटीआर-२बी शी ताळा करताना सापडलं. ज्यांचं ते बिल होतं त्यांची मी माफी मागितली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. अक्षरांच्या चित्रावर भागाकाराच्या आधी किंवा नंतर मीडियन नाही, ठिपके काढणं नाही, काळं-पांढरं करणंही नाही. करडं चित्र तसंच देतो, कडेला दहा पिक्सेलची पांढरी किनार ठेवून. टेसरॅक्ट ४ पासून अक्षरओळख न्यूरल नेटवर्कवर चालते, थोडी खसखस तिला सोसते. टिंब नसणं तिला सोसत नाही.

```
tesseract bill.png out -l eng --psm 6
```

दुसरी गोष्ट म्हणजे तळाची अक्षरी रक्कम. 'रुपीज वन थाउजंड टू हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह ओन्ली' ही ओळ टिंबावर अवलंबून नाही. ती वाचून एकूण आकड्याशी ताडून बघतो. एखाददुसरं अक्षर चुकलं तरी 'थाउजंड' आणि 'लॅक' यांत गोंधळ होत नाही, आणि शंभरपटीची चूक पकडायला तेवढं पुरतं. जीएसटी नंबरासाठी वेगळा ताळा मिळतो: पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं, त्यामुळे एखादा ८ जर बी वाचला गेला तर ते लगेच कळतं. या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर बिल माणसाकडे जातं.

फोटो हललेला असेल तर मात्र यातलं काहीही चालत नाही. मोठं करून बघा: टिंब गोल न दिसता एका बाजूला ओढलेलं दिसलं, तर हात हललाय. तेव्हा दुकानात फोन करायचा, कागद खिडकीपाशी न्यायला सांगायचा आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायचा, म्हणजे मूळ पिक्सेल पोचतात. तेच ए-फोर पान १२ मेगापिक्सेलच्या पूर्ण फोटोत इंचाला ३४० पिक्सेलपर्यंत येतं, आणि त्यात ते टिंब चार पिक्सेल रुंद असतं.