खो-खोच्या सरावात कोणतं स्ट्रेचिंग कधी?

[दृश्य: शाळेचं मैदान, दुपारी साडेचार. मुलं गोल करून उभी, वाकून पायाचे अंगठे धरलेले.]

शाळा सुटली आहे. खो-खोचा संघ मैदानाला दोन फेऱ्या मारून गोलात उभा राहिला आहे. एक मुलगा आकडे मोजतो, बाकीचे वाकून अंगठे धरतात. मग पाय फाकवून बसणं, मग फुलपाखरू. ही सगळी स्थिर, म्हणजे स्टॅटिक स्ट्रेचिंग: स्नायू ताणायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पन्नास मुलं आणि एक शिक्षक असतील, तर गोल सोयीचा पडतो, सगळे नजरेत राहतात. पण पुढच्या पाच मिनिटांत याच मुलांना उकिडवं बसून 'खो' मिळताच झेपावायचं आहे, आणि त्या कामासाठी ही तयारी उलटी पडू शकते.

[दृश्य: चौकात बसलेली मुलगी, खो मिळताच उठते. हळू गतीत.]

तिच्या पोटरीकडे आणि मांडीकडे पाहा. उठताना स्नायू आणि स्नायूबंध क्षणभर ताणले जातात आणि लगेच आखडतात, गलोलीच्या रबरासारखे. स्नायू बराच वेळ ताणून धरला, की हा ताठपणा थोडा कमी होतो. शिवाय मेंदू आणि मज्जारज्जूकडून त्या स्नायूला मिळणारी चालनाही काही काळ मंदावते. एकाच स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा त्याहून जास्त ताण दिला, तर त्यानंतर लगेच मोजलेली ताकद आणि उडी सरासरी ४ ते ५ टक्क्यांनी घटलेली दिसते. ताण ६० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर घट एक टक्क्याच्या आसपास राहते. म्हणजे स्थिर स्ट्रेचिंग विष नाही. किती वेळ धरलं आणि त्यानंतर काय केलं, यावर सगळं ठरतं.

आणि त्या गोलात आणखी एक तोटा होतो, जो सहज दिसत नाही. दोन फेऱ्यांनी तापलेलं अंग बसल्या बसल्या निवत जातं.

[दृश्य: मुलं बाजूच्या रेषेवर चार रांगांत.]

म्हणून गोल मोडा आणि मुलांना बाजूच्या रेषेवर चार रांगांत उभं करा. खो-खोचं मैदान १६ मीटर रुंद असतं, तेवढं अंतर पुरे. आधी चार-पाच मिनिटं हलकं धावणं: सरळ, आडवं, पाठमोरं. श्वास जरा वाढला, कपाळावर ओल दिसली, की पुढे जायचं.

आता डायनॅमिक स्ट्रेचिंग, म्हणजे हालचालीतून दिलेला ताण. पहिल्या फेरीत लांब पाऊल टाकून गुडघा वाकवायचा आणि धड पुढच्या पायाकडे वळवायचं. दुसऱ्या फेरीत गुडघे उंच. तिसऱ्या फेरीत आडवं सरकणं, कारण खो-खोत दिशा सतत बदलते आणि जांघेवर ताण येतो. मग खांब किंवा जोडीदाराचा खांदा धरून पाय पुढे-मागे झुलवायचा, प्रत्येक पाय १० ते १२ वेळा. नंतर तितकेच आडवे झोके. सहा-सात मिनिटांत हे होतं.

चूक कुठे होते, तर झोक्यात. पहिल्याच झोक्याला मुलं पाय डोक्याएवढा उडवायला जातात. अचानक हिसका बसला, की स्नायू स्वतःला वाचवायला उलटा आखडतो, आणि मांडीमागे लचक भरते ती अशाच वेळी. पहिले तीन-चार झोके कमरेच्या खालीच ठेवायला सांगा, उंची आपोआप वाढू द्या. पाय वर जाताना पाठ कुबडासारखी गोल होत असेल, तर त्या मुलाची मर्यादा ओलांडली गेली आहे असं समजा.

शेवटची चार मिनिटं खेळाची. चौकात बसून उठणं, खांबाला वळसा, नागमोडी पळणं. वेग आधी निम्मा, मग पाऊण, आणि शेवटच्या दोन धावा पूर्ण वेगाने. ही पायरी गाळली, तर सरावातला पहिला 'खो' हीच त्या मुलाची दिवसातली पहिली जोरदार धाव ठरते.

[दृश्य: एक मुलगा अर्ध्या गुडघ्यावर, मांडीच्या पुढच्या भागाला ताण देतो.]

एखाद्याची जांघ किंवा पोटरी इतकी आखडलेली असते, की त्याला नीट उकिडवं बसताच येत नाही, टाचा उचलल्या जातात. अशा मुलाला सुरुवातीच्या धावण्यानंतर त्या एकाच स्नायूसाठी १५ ते २० सेकंदांचा स्थिर ताण जरूर द्या. मात्र त्यानंतर झोके आणि धावा पूर्ण झाल्या पाहिजेत. सगळ्या संघाला ते करायला लावू नका.

सामन्याच्या दिवशी वेगळी अडचण येते. संरक्षण करणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. तिसरी तुकडी बाहेर बसून असते आणि दहा-पंधरा मिनिटांत तिचं अंग निवलेलं असतं. वेळ घालवायला ही मुलं बहुतेकदा पाय ताणून बसतात. त्याऐवजी दुसरी तुकडी आत गेली, की त्यांना उभं करा: दीड-दोन मिनिटं आडवं सरकणं, थोडे झोके, दोन छोट्या धावा.

[दृश्य: सराव संपला. मुलं चालत आहेत, मग जमिनीवर.]

स्थिर स्ट्रेचिंगची खरी जागा इथे आहे. पाच मिनिटं चालून श्वास शांत झाला, की चार स्नायूगट घ्या: मांडीमागचे, मांडीच्या मुळाशी पुढे असलेले, जांघेतले आणि पोटरीचे. प्रत्येक ताण ३० सेकंद, दोनदा. जांघेचा ताण दोन्ही बाजूंना एकदम बसतो, बाकी तीन एकेका बाजूने. हिशेब सात मिनिटांचा, जागा बदलायला एखादं मिनिट जास्त.

उभं राहून अंगठे धरण्यात बहुतेक मुलांची पाठच वाकते आणि मांडीमागे ताण पोचतच नाही. त्याऐवजी पाठीवर झोपवा, एक मांडी दोन्ही हातांनी मागून धरून उभी करायला सांगा आणि मग गुडघा हळूहळू सरळ करू द्या. ताण मांडीच्या मध्यावर, ओढ लागल्यासारखा जाणवायला हवा. गुडघ्याच्या मागे किंवा तळपायाकडे मुंग्या येत असतील, तर ती ओढ नसेवर आहे, गुडघा थोडा वाकवा.

या ताणाने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी जवळजवळ कमी होत नाही, तसं आश्वासन मुलांना देऊ नका. फायदा लवचीकतेचा आहे, आणि तोही आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, काही आठवडे सलग केलं तरच. अंग तापवून हे घरीही करता येतं.

[दृश्य: सातवी-आठवीतली मुलं, उंचीत मोठा फरक.]

या वयात एक सावधगिरी हवी. झपाट्याने उंची वाढताना हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात, म्हणून कालपर्यंत लवचीक असलेलं मूल अचानक ताठर वाटतं. स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे वाढीचा मऊ भाग असतो. जोडीदाराने पाठीवर बसून दाबणं किंवा पाय जोराने ओढणं यात त्या भागाला इजा होऊ शकते, म्हणून ते पूर्ण बंद ठेवा. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा, टाच किंवा बसायचं हाड बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर तिथे ताण देऊ नका. त्या मुलाच्या धावा आणि उड्या कमी करा आणि दुखणं टिकलं, तर पालकांना डॉक्टरांकडे न्यायला सांगा. सूर मारताना किंवा धावताना नितंबाखाली एकदम 'कट्' झालं आणि चालता येईना, तर त्याच दिवशी.