आधार बँकेत लिंक आहे, तरी शिष्यवृत्ती का येत नाही?

(कॅमेऱ्याकडे पाहून)

नमस्कार. महाडीबीटीवर अर्ज मंजूर झालाय, वर्गातल्या इतरांचे पैसे आले, तुमच्या खात्यात मात्र काहीच नाही. बँकेत गेलात तर काउंटरवरून उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे." ते उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. तरीही पैसे येत नाहीत.

कारण बँकेत आधार दोन वेगळ्या कामांसाठी जोडलं जातं. एक केवायसीसाठी, म्हणजे खातेदार तुम्हीच आहात याची ओळख म्हणून. दुसरं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट तुमच्या खात्यात जमा होण्यासाठी. यात बँक तुमची लेखी संमती घेते आणि तुमचा आधार क्रमांक एनपीसीआय या देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये नोंदवते. यालाच आधार सीडिंग म्हणतात. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

हा मॅपर म्हणजे एक यादी. तिच्यात तुमच्या आधार क्रमांकापुढे फक्त एका बँकेची नोंद असते. खाते क्रमांक तिथे नसतोच. आधारवर पाठवलेले पैसे आधी ही यादी पाहून त्या बँकेकडे जातात, आणि मग ती बँक तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यात ते जमा करते. म्हणून कॉलेजात पासबुकाची झेरॉक्स कितीही वेळा दिली तरी उपयोग होत नाही. वडिलांचं खातं दिलं तरी चालत नाही, कारण आधार विद्यार्थ्याचं आहे. खातंही त्याच्याच नावाचं हवं.

(स्क्रीनवर संकेतस्थळ)

आता तुमची नोंद कुठे आहे ते बघू. myaadhaar.uidai.gov.in उघडा, आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. आत Bank Seeding Status वर क्लिक करा. बँकेचं नाव दिसेल आणि पुढे Active किंवा Inactive.

Inactive असेल तर दुखणं सरळ आहे, सीडिंग नव्याने करायचं. खरा गोंधळ Active दिसतं तेव्हा होतो, कारण लोक तेवढंच वाचून पान बंद करतात. बँकेचं नाव वाचा!

समजा, एका विद्यार्थिनीने अर्ज भरताना बँक ऑफ महाराष्ट्रचं खातं गृहीत धरलंय. स्क्रीनवर मात्र Active च्या सोबत एका पेमेंट्स बँकेचं नाव आहे. मोबाईलच्या दुकानात कधीतरी अंगठा लावून ते खातं उघडलं होतं, त्यात डीबीटीची संमतीही गेली. मॅपरमध्ये शेवटची नोंद चालते, त्यामुळे जुनी बँक यादीतून निघाली. तिची शिष्यवृत्ती बुडालेली नाही, ती बहुधा त्या विसरलेल्या खात्यात पडून आहे. आधी तिथली शिल्लक तपासायची आणि पैसे काढून घ्यायचे.

मग नोंद हलवायची. आपल्या शाखेत जाऊन नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय" असं सांगा आणि संमतीचा फॉर्म मागा. त्यात आधीपासून दुसऱ्या बँकेत सीडिंग आहे का, असा भाग असतो. तिथे जुन्या बँकेचं नाव लिहा. सोबत आधारची प्रत द्या आणि भरलेल्या फॉर्मची पोच घ्या. पासबुकावरचं नाव आधारशी जुळत नसेल तर अर्ज तिथेच अडकतो, तेव्हा आधी नाव दुरुस्त करा. शाखा लांब असेल तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावर Bharat Aadhaar Seeding Enabler ही सोय आहे, पण तिथल्या यादीत तुमची बँक आहे का ते पाहा.

काही दिवसांनी Bank Seeding Status पुन्हा उघडा. नवीन बँकेचं नाव दिसलं, तरच काम झालं. फॉर्म बँकेने घेतला आणि पुढे पाठवलाच नाही, असंही होतं. तेव्हा ती पोच दाखवता येते.

अजून एक प्रकार असतो. बँकही बरोबर, Active सुद्धा, तरी पैसे परत गेले. अशा वेळी खातं बंद झालंय का, व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालंय का किंवा केवायसी थकल्यामुळे गोठवलंय का, हे शाखेत विचारा. कमी कागदपत्रांवर उघडलेलं छोटं खातं असेल, काही जन धन खाती अशी असतात, तर मर्यादाही विचारा. अशा खात्यात एका आर्थिक वर्षात एकूण 1 लाख रुपयेच जमा होऊ शकतात. पूर्ण केवायसी केली की ही मर्यादा जाते.

परत गेलेला हप्ता तुमची बँक मागवू शकत नाही, तो संबंधित विभागालाच पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून दुरुस्ती झाल्यावर Bank Seeding Status चा स्क्रीनशॉट आणि अर्ज क्रमांक घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी अर्ज द्या.

आणि दुसरा हप्ता येईपर्यंत कुठेही नवीन खातं उघडलंत, तर फॉर्ममधली डीबीटीच्या संमतीची ओळ शोधा. तिथे टिक केलीत तर नोंद परत त्या नव्या बँकेकडे जाईल.