लो तुटला, पण क्लोज कुठे झाला?

आज मला बोलायचंय ते रिक्लेमवर, म्हणजे तुटलेल्या लोच्या वर भाव परत येऊन क्लोज होतो त्यावर. पण त्याआधी माझा जुना सल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

फळ्यावरचा चार्ट बघा. भाव दोनदा ५०० पर्यंत आला आणि दोन्ही वेळा वर फिरला. तिसऱ्यांदा तो खाली येताना मी ५०६ ला घेतलं आणि स्टॉपलॉस ४९८ ला लावला. भाव ४९३ पर्यंत घसरला, माझा स्टॉपलॉस उडाला आणि अर्ध्या तासात भाव ५०३ वर परत! असं इतक्यांदा झालं की माझा स्टॉपलॉस कुणीतरी बघतंय, अशी माझी खात्रीच झाली. ब्रोकरशी फोनवर कडाक्याचं भांडलोसुद्धा. मग एके रात्री जुने चार्ट काढून बसलो, तेव्हा उमगलं की माझा स्टॉपलॉस बघायची कुणाला गरजच नव्हती. दोनदा टिकलेला लो सगळ्यांनाच दिसतो आणि सगळ्यांचे स्टॉपलॉस त्याच्याच खाली असतात.

खरेदी केलेल्याचा स्टॉपलॉस म्हणजे विक्रीची ऑर्डर. ५०० तुटलं की त्या ऑर्डरी एकामागून एक सुटतात. ब्रेकडाउन समजून नवे लोकही शॉर्ट करतात, म्हणजे हातात माल नसताना आधी विकतात. ज्याला मोठा माल घ्यायचाय, त्याला एवढे विकणारे एरवी एका जागी मिळत नाहीत. तो तिथे घेतो, विक्री संपते, आणि भाव वर फिरला की शॉर्टवाल्यांनाही पळत येऊन खरेदी करावी लागते. म्हणून तो परतीचा झपाटा एवढा मोठा दिसतो. यात दरवेळी कुणी मुद्दाम शिकार करतो असं नाही. ऑर्डरींची गर्दीच पुरेशी असते.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

लो तुटताना काहीच करायचं नाही. पंधरा मिनिटांची कॅन्डल ५०० च्या वर क्लोज होईपर्यंत थांबायचं. नुसती लांब शेपटी दिसली म्हणून उडी मारायची नाही, कारण कॅन्डल चालू असताना ती शेपटी पुन्हा बॉडी होऊ शकते. समजा क्लोज ५०३ ला झाला. तिथे घ्यायचं आणि स्टॉपलॉस ४९३ च्या खाली, ४९२ ला. धोका ११ पॉइंटचा. वर मागचा हाय ५२५ ला असेल तर २२ पॉइंटची जागा आहे. तो ५१० लाच असेल तर हा सौदा सोडून द्या.

आणि खरं ब्रेकडाउन कसं ओळखायचं? भाव ५०० खाली जाऊन तिथेच रेंगाळतो, कॅन्डली खालीच क्लोज होतात, आणि वर आला तरी ५०० ला धडकून परत फिरतो. तिथे रिक्लेम झालेलाच नसतो. झालेला रिक्लेमही कधीकधी फसतो. घेतल्यावर पुन्हा ५०० खाली क्लोज आला तर मी ४९२ ची वाट बघत नाही, तिथेच बाहेर पडतो.

फळा पुसू नका, प्रश्न याच आकृतीवर घेऊ.