इजिप्तचा विवाह दाखला अमेरिकेच्या फाइलसाठी इंग्रजीत नेताना

(अरबी-इंग्रजी अनुवाद शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लेखी रूप)

आज मी एकच कागद घेणारे, इजिप्तमधला विवाह दाखला, ज्याला तिथे वसीकत जवाज म्हणतात, आणि तो अमेरिकेत नवऱ्याने बायकोसाठी भरलेल्या I-130 अर्जाला जोडायचाय असं धरून चालू. अरब देश बरेच आहेत आणि प्रत्येकाचा दाखला वेगळा दिसतो, सगळ्यांवर थोडं थोडं बोलण्यापेक्षा एक नीट बघितलेला बरा.

आधी नियम काय ते सांगतो कारण तो छोटा आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, म्हणजे USCIS चा नियम असा की परदेशी भाषेतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी अनुवाद जोडायचा, आणि अनुवादकाने लिहून द्यायचं की हा अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे आणि मला त्या भाषेतून इंग्रजीत अनुवाद करता येतो. नोटरी लागत नाही, सरकारी परवानाही लागत नाही. पण यातला ‘पूर्ण’ हा शब्द फार जड आहे, कारण बहुतेक लोक कागदावरचा छापील मजकूर करतात आणि शिक्के, कडेला लिहिलेलं, मागची बाजू सगळं सोडून देतात, आणि नेमकं तिथेच अधिकाऱ्याला हवं असलेलं काहीतरी असतं.

हा दाखला माज़ून लिहितो, म्हणजे लग्न लावून नोंदवायचा अधिकार असलेला माणूस. त्यावर दोघांचे फोटो असतात, नावं, राष्ट्रीय ओळख क्रमांक, आधीची वैवाहिक स्थिती, मेहेर, साक्षीदार, सह्या, अंगठे. शिवाय नागरी नोंदणी कार्यालयातून याच लग्नाचा कॉम्प्युटरवर छापलेला उतारा मिळतो, त्यात यातलं बरंचसं नसतं. क्लायंट कधी एक पाठवतो कधी दुसरा, तर फाइलमध्ये जो जाणारे तो करायचा आणि दोन्ही जाणार असतील तर दोन वेगळे अनुवाद करायचे. एकातली माहिती दुसऱ्यात टाकायची नाही, मग ती कितीही खरी असली तरी.

आता नावं. समजा नवऱ्याचं नाव दाखल्यावर असं आहे: अहमद अम्र अब्दुर्रहमान अस्-सय्यद. ही साखळी आहे, पहिलं स्वतःचं, मग वडलांचं, मग आजोबांचं, शेवटी घराण्याचं, आणि इजिप्तमध्ये मधे बिन वगैरे लिहीत नाहीत. इथे पहिला खड्डा म्हणजे अम्र. अरबी लिपीत हे नाव उमरसारखंच दिसतं, फक्त शेवटी एक वाव जास्त असतो जो उच्चारत नाहीत, तो वाव नजरेतून सुटला की अम्रचा उमर होतो आणि अर्जातल्या वडलांच्या नावाशी दाखला जुळत नाही. दुसरा खड्डा अब्दुर्रहमान, अरबीत ते दोन तुकड्यात लिहितात, पण नाव एकच आहे, अब्द हे मधलं नाव आणि रहमान आडनाव असं कधीही तोडायचं नाही.

स्पेलिंग कुठलं घ्यायचं? पासपोर्टचं. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात त्यामुळे एकाच नावाची चार बरोबर स्पेलिंगं होऊ शकतात, आणि अधिकारी तर पासपोर्टशीच ताडून बघणार. म्हणून काम हातात घेतानाच पासपोर्टच्या फोटोवाल्या पानाची कॉपी मागा आणि तळाच्या दोन ओळींतली वरची ओळ वाचा. आपल्या अहमदची अशी असेल:

```
P<EGYELSAYED<<AHMED<AMR<ABDELRAHMAN
```

(पुढची भरतीची चिन्हं मी काढली आहेत.) देशाच्या तीन अक्षरांनंतर दोन चिन्हं एकत्र येईपर्यंत जे आहे ते आडनाव, त्यानंतरची सगळी दिलेली नावं. ही वाटणी अर्जासाठी, कारण अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. अनुवादात मात्र दाखल्यावरचा क्रम जसाच्या तसा ठेवायचा, Ahmed Amr Abdelrahman Elsayed. आडनाव पुढे आणून स्वल्पविराम दिला की अनुवादातला क्रम मूळ कागदासारखा राहत नाही आणि शेजारी ठेवून बघणाऱ्याला ओळच सापडत नाही.

बायकोचं बघू. दाखल्यावर मोना हसन अली आहे, पासपोर्टवर मोना हसन अली मन्सूर. तिथे बायका लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावत नाहीत, त्यामुळे तिच्या नावात अहमदचं काहीच नसणार, आणि मधलं हसन हे तिच्या वडलांचं नाव आहे. मन्सूर दाखल्यावर नाहीये ना, मग अनुवादातही नाही. क्लायंट म्हणेल की पासपोर्टवर आहे की, टाका ना, पण तुम्ही सही करताय ती या कागदाच्या अनुवादावर. हा फरक सोडवायची जागा अर्जात आहे, तिथे वापरलेली इतर नावं विचारतात, आणि सोबत जन्मदाखला लावता येतो ज्यात पूर्ण साखळी दिसते. अलीची गंमत अशी की इजिप्तमध्ये शेवटी येणाऱ्या ‘या’ नावाच्या अक्षराखाली बरेचदा ठिपके देत नाहीत, म्हणून अली हा शब्द ‘वर’ अर्थाच्या अला या अव्ययासारखा दिसतो, नवशिका माणूस तिथे अडखळतो. पासपोर्टवर Aly असेल तर Aly लिहा, तुम्हाला Ali कितीही बरं वाटलं तरी.

आकड्यांत हाताने लिहिलेला दाखला फार त्रास देतो. अरबी हस्ताक्षरात तीनचा आकडा पुष्कळदा छापील दोनसारखा काढतात आणि दोन म्हणजे नुसता वळलेला दांडा, आणि शून्य तर एक ठिपका, जो शाईचा डागही असू शकतो. पण इजिप्तच्या दाखल्यात पडताळणीची सोय आतच आहे. राष्ट्रीय क्रमांक 14 आकड्यांचा असतो, पहिला आकडा शतकाचा (1900 ते 1999 मधल्या जन्माला 2 आणि 2000 पासून 3), पुढचे सहा जन्माचं वर्ष, महिना, दिवस. म्हणजे क्रमांक 2900314 असा सुरू होत असेल तर जन्मतारीख 14 मार्च 1990 आलीच पाहिजे, आणि जन्मतारखेच्या रकान्यात तुम्ही 24 वाचलं असेल तर पुन्हा भिंग घ्या.

लग्नाची तारीख बहुतेक वेळा हिजरी आणि इसवी दोन्हीत असते, सोबत वारही असतो. समजा गुरुवार, 17 मुहर्रम 1440, म्हणजे 27 सप्टेंबर 2018. दोन्ही लिहायच्या, वारही लिहायचा, आणि महिना अक्षरात लिहायचा कारण अमेरिकेत आधी महिना मग दिवस लिहितात. 27/9 आहे तोवर ठीक, पण 5/9 आलं की पाच सप्टेंबरचा नऊ मे होतो. फक्त हिजरी तारीख असेल तर तीच लिहायची आणि इसवी तारीख अनुवादकाची टीप म्हणून वेगळी दाखवायची, तिथेही लक्षात ठेवा की चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

आता नोंदी, ज्यासाठी खरं तर मी आज हा विषय घेतला. मोनाच्या वैवाहिक स्थितीच्या रकान्यात मुतल्लका लिहिलंय, घटस्फोटित, आणि पुढे बारीक हातात घटस्फोटाच्या दाखल्याचा नंबर, तारीख आणि त्याचा प्रकार. पुष्कळ अनुवादात इथे नुसतं divorced सापडतं. I-130 मध्ये आधीच्या प्रत्येक लग्नाची माहिती आणि ते संपल्याची तारीख विचारतात, आणि ते कायदेशीर संपल्याचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे हा नंबर आणि तारीख म्हणजे अधिकाऱ्याला पुढच्या कागदापर्यंत नेणारा धागा आहे. प्रकार तर त्याहून महत्त्वाचा. रजई तलाकमध्ये नवरा इद्दतच्या मुदतीत बायकोला परत घेऊ शकतो, म्हणजे लग्न लगेच संपत नाही, ते इद्दत संपल्यावर संपतं, आणि बाइन तलाकमध्ये ते तिथेच संपतं. म्हणून रजईला revocable आणि बाइनला irrevocable लिहायचं आणि शेजारी मूळ शब्द इंग्रजी लिपीत ठेवायचा. पण हे लग्न अमुक तारखेला संपलं असं स्वतःच्या मनाने लिहायचं नाही, तो निष्कर्ष आहे आणि तो काढायचं काम वकिलाचं किंवा अधिकाऱ्याचं.

पहिलं लग्न असेल तर त्या रकान्यात बिक्र असतं. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर कौमार्याबद्दल विधान होतं, माझं स्पष्ट मत आहे की या कागदात त्या रकान्याचं काम वैवाहिक स्थिती सांगणं आहे, म्हणून never previously married लिहावं आणि मूळ शब्द शेजारी ठेवावा म्हणजे कुणी विचारलं तर लपवाछपवी नाही. मेहेरचंही तसंच, आधी द्यायचा आणि नंतर द्यायचा असे दोन भाग असतात, prompt dower आणि deferred dower, त्याला dowry म्हटलं की अर्थ उलटा होतो, मुलीकडून पैसे गेल्यासारखं वाटतं. अटींचा रकाना कोरा असेल तर blank लिहा, आडवी रेघ मारली असेल तर रेघ मारली आहे असं लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं तुम्हीच सोडलं.

शिक्क्यांसाठी माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक शिक्का जिथे आहे तिथेच चौकोनी कंसात, आकार, रंग आणि आतला मजकूर, इजिप्तमधला गोल शिक्का असेल तर मधे गरुड आहे हेही. अर्धाच वाचता आला तर वाचता आलेला भाग लिहून उरलेल्यासाठी illegible. अंदाजाने कार्यालयाचं नाव पूर्ण करायचं नाही, पण हार मानायच्या आधी क्लायंटकडून रंगीत स्कॅन मागवा, काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये निळा शिक्का आणि काळी सही एकमेकांत विरघळतात. रंग असेल तर शिक्क्याखालची अक्षरं बरेचदा सुटी होतात. आणि मागच्या बाजूचा स्कॅन मागवाच, तिथे काही नसेल तर काही नाही असं तुम्हाला स्वतः बघून कळायला हवं.

मागे बहुतेक वेळा परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन असतं, चिकटवलेला स्टॅम्प, नंबर, सही. मंत्रालय तिथे शिक्का किंवा सही खरी आहे एवढंच सांगतं, आणि आतल्या मजकुराची जबाबदारी घेत नाही असं वाक्यही बरेचदा असतं. क्लायंटला ते वाक्य आवडत नाही, लग्नावर शंका घेतल्यासारखं वाटतं, काढून टाका म्हणतात. नाही काढायचं. आणि मंत्रालयाने लग्न प्रमाणित केलं असंही लिहायचं नाही, कारण त्यांनी तसं केलेलंच नाही.

शेवटी तुमचं स्वतःचं निवेदन, वेगळ्या पानावर किंवा अनुवादाच्या खाली:

```
I, (name), certify that I am competent to translate
from Arabic into English, and that the attached
translation of the marriage document no. (number)
is complete and accurate.
(signature, name, address, date)
```

दाखल्याचा नंबर त्यात घालाच, म्हणजे निवेदन दुसऱ्याच कागदाला जोडलं गेलं असा गोंधळ होत नाही. आणि पुढे व्हिसाच्या टप्प्यावर नॅशनल व्हिसा सेंटरचा नियम वेगळा आहे, जिथे मुलाखत होणार त्या देशाच्या अधिकृत भाषेतला कागद असेल तर त्यांना अनुवाद लागत नाही, म्हणजे कैरोला मुलाखत असेल तर अरबी दाखला चालतो. हे ऐकून काही जण सुरुवातीच्या I-130 लाच अनुवाद जोडत नाहीत आणि मग USCIS कडून पुरावा मागणारं पत्र येतं, तेव्हा क्लायंटने तसं विचारलं तर त्याची फाइल आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी विचारा.