बारा पटींचा हिशेब: व्यायामात हृदय, रक्तवाहिन्या आणि ऑक्सिजन

तीस वर्षांचा एक निरोगी माणूस घ्या. खेळाडू नाही, पण धडधाकट आहे. तो स्वस्थ बसलेला असताना त्याचं शरीर मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. त्याला प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवलं आणि दर दोन-तीन मिनिटांनी पेडल जड करत नेलं, तर दमून थांबण्याच्या बेताला तोच आकडा 3000 मिलिलिटरवर जातो. म्हणजे बारा पट. हृदयाने दर मिनिटाला बाहेर टाकलेलं रक्त मात्र चौपटच वाढलेलं असतं. मग उरलेली वाढ आली कुठून?

आधी विश्रांतीतला हिशेब मांडू. मिनिटाला 70 ठोके, दर ठोक्याला 70 मिलिलिटर रक्त, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. धमनीतल्या एका लिटर रक्तात साधारण 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि शरीरभर फिरून आलेल्या रक्तात 150 उरलेला असतो. लिटरमागे 50 खर्च झाला; 5 लिटरचे 250. आता शिखरावर या. 190 ठोके, दर ठोक्याला 105 मिलिलिटर, म्हणजे 20 लिटर. परतणाऱ्या रक्तात लिटरमागे फक्त 50 उरलेला. खर्च झाला 150. 20 लिटरचे 3000. प्रवाह चौपट आणि लिटरमागची उचल तिप्पट, असे ते बारा झाले.

चौपटीतला मोठा वाटा ठोक्यांचाच आहे. सुरुवातीला व्हेगस मज्जातंतूचा लगाम सुटतो आणि ठोके शंभरापर्यंत चटकन चढतात. पुढची चढण सिंपथेटिक मज्जातंतू आणि अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर होते. दर ठोक्यामागचं रक्त मध्यम श्रमापर्यंत वाढतं आणि मग बहुतेकांत तिथेच थांबतं. कारण उघड आहे. 70 ठोक्यांना एका ठोक्याच्या वाट्याला 0.86 सेकंद येतात, 190 ला फक्त 0.32, आणि ही काटछाट मुख्यतः हृदय भरण्याच्या वेळेतून होते. तरी ते भरतं, कारण पायांचे स्नायू आवळताना शिरांतलं रक्त वर ढकलतात आणि शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. या स्नायूंच्या पंपाकडे पुन्हा येऊ.

आता दाबाचं कोडं. विश्रांतीत सरासरी रक्तदाब साधारण 93 असतो. रक्तवाहिन्या होत्या तशाच राहिल्या आणि प्रवाह चौपट झाला, तर दाब 370 च्या पुढे जायला हवा. प्रत्यक्षात तो 115 च्या आसपास राहतो, कारण एकूण विरोध एक तृतीयांशाखाली उतरलेला असतो. गंमत अशी की सिंपथेटिक मज्जातंतू तेव्हा सगळ्याच रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ म्हणून सांगत असतात. आतडी आणि मूत्रपिंडं ऐकतात. राबणाऱ्या स्नायूतल्या बारीक धमन्या मात्र जुमानत नाहीत, कारण पेशींतून बाहेर पडणारं पोटॅशियम, अ‍ॅडेनोसिन, आम्लता आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून येणारा नायट्रिक ऑक्साइड त्यांना सैल करतात. स्नायूंना मिळणारं रक्त 1 लिटरवरून 16 लिटरच्या घरात जातं ते यामुळे. म्हणूनच सायकलवर मोजताना वरचा दाब 120 वरून 190 झाला तर घाबरायचं नाही. खालचा दाब आहे तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो. श्रम वाढत असताना वरचा दाब घसरू लागला, तर मात्र चाचणी तिथेच थांबवायची. हृदय पुरं पडत नसल्याची ती खूण असू शकते.

उचल तिप्पट कशी होते? तापलेल्या, आम्ल झालेल्या स्नायूत हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली पडते, आणि बंद असलेल्या केशवाहिन्यांतूनही रक्त वाहू लागल्याने ऑक्सिजनला पेशीपर्यंतचं अंतर कमी पडतं. हृदयात परतणाऱ्या रक्तात 50 उरतो खरा, पण तो बहुतांशी मेंदू, त्वचा वगैरेंकडून आलेल्या रक्ताचा. पायाच्या शिरेत त्याहून बराच कमी सापडतो.

स्वतः हृदयाला मात्र ही सोय नाही. विश्रांतीतच ते आपल्या रक्तातला सुमारे 70 टक्के ऑक्सिजन उचलून बसलेलं असतं. त्याला जास्त हवा असेल तर प्रवाहच वाढवावा लागतो, आणि हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैल क्षणात पोचतं. तोच क्षण व्यायामात आखूड होतो. निरोगी हृदयधमन्या रुंद होऊन हे भागवतात. अरुंद झालेल्या धमनीला ते जमत नाही, म्हणून बसल्या जागी न दुखणारी छाती चढावर दुखते.

आता स्नायूंचा पंप. आपल्या माणसाने शिखरावर पेडल मारणं एकदम बंद केलं आणि तसाच उभा राहिला, तर पायांतल्या धमन्या अजून सताड उघड्या आणि पंप बंद. रक्त पायांतच साठतं, हृदय नीट भरत नाही, दाब काही सेकंदांत कोसळतो. चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. त्याला धरून उभं ठेवू नये. आडवं करून पाय उंच करावेत, म्हणजे अडकलेलं रक्त परतू लागतं. मुळात हे टाळायचं तर भार काढून घेऊन पेडल तीन ते पाच मिनिटं हळू फिरवत ठेवायचं. तेवढ्यात नाडी आणि धमन्या बऱ्याच प्रमाणात पूर्वपदाकडे येतात.