ट्रान्समीटर बंद असतानाचं रीडिंग

अंतर वाढेल तसा सिग्नल किती कमी होतो, या प्रयोगाचा विद्यार्थ्याचा रिपोर्ट हातात आला की मी आधी कन्क्लूजन बघत नाही, टेबल बघतो, आणि टेबलच्या वर सेटिंग्ज लिहिल्यात का ते बघतो. उद्देश, सेटअप, पद्धत, टेबल, ग्राफ, चर्चा हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण सेटअपमध्ये नुसतं 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर वापरला' एवढंच लिहिलं तर पुढचे आकडे तपासायचे कसे? फ्रिक्वेन्सी, स्पॅन, रिझोल्युशन बँडविड्थ, अ‍ॅटेन्युएशन, केबलचा लॉस, अँटेनांची उंची, हे सगळं तिथंच पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. सिग्नल जनरेटरवरून 2.4 गिगाहर्ट्झचा साधा कॅरिअर सोडलाय, मोकळी जागा आहे, आणि जमिनीवरून येणारं रिफ्लेक्शन आपण सध्या बाजूला ठेवू. 1 मीटरवर −40 dBm येतं, 2 मीटरवर −46, 4 वर −52, म्हणजे अंतर दुप्पट केलं की 6 dB कमी, बरोबर आहे. 16 मीटरवर −64 यायला हवं तिथं −63 येतं, 32 वर −70 ऐवजी −67, आणि 64 वर −76 ऐवजी −69. विद्यार्थी या सगळ्या पॉइंट्समधून एक रेष काढतो, पाथ लॉस एक्स्पोनंट 2 च्या जागी साधारण 1.7 येतो आणि मग चर्चेत लिहितो की परिसरामुळे सिग्नल जास्त लांब पोचला.

तसं काही झालेलं नसतं. रिझोल्युशन बँडविड्थ 1 मेगाहर्ट्झ होती आणि नॉइज फ्लोअर −70 वर होता, त्यामुळे 32 मीटरवर सिग्नल आणि नॉइज सारखेच झाले, दोघांची पॉवर मिळून 3 dB जास्त दिसली, आणि 64 वर तर आपण जवळजवळ नॉइजच मोजत होतो. हे ग्राफवरच कळतं, फक्त अंतराचा अक्ष लॉग पाहिजे, कारण साध्या अक्षावर वक्र नाहीतरी सपाट होत जातो आणि चूक त्यात लपून जाते, लॉगवर मात्र सरळ रेष शेवटी वाकलेली लगेच दिसते.

म्हणून टेबलची पहिली ओळ कुठली, तर ट्रान्समीटर बंद असतानाचं रीडिंग, म्हणजे नॉइज फ्लोअर! माझा याबाबत खरंच हट्ट आहे. सिग्नल नॉइजच्या 10 dB वर असेल तर चूक 0.4 dB च्या आसपास राहते, त्याच्या खालचे पॉइंट्स टेबलमध्ये ठेवा पण रेष काढताना घेऊ नका, आणि तसं लिहा. बँडविड्थ 10 किलोहर्ट्झ केली तर फ्लोअर 20 dB खाली जातो आणि कॅरिअर तसाच राहतो. वायफायसारख्या रुंद सिग्नलला हे चालत नाही, तिथं बँडविड्थबरोबर रीडिंगही पडतं, तेव्हा चॅनल पॉवर मोजावी लागते.

आणि 'ह्यूमन एरर' हे कारण लिहू नका. खोलीत अँटेना 3-4 सेंटीमीटर सरकवली तरी भिंतींच्या रिफ्लेक्शनमुळे रीडिंग बरंच बदलतं, तेव्हा प्रत्येक अंतरावर अँटेना थोडी थोडी हलवून पाच-सहा रीडिंग घ्या, ती मिलिवॅटमध्ये करून सरासरी काढा, आणि सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त किती आलं तेही ग्राफवर दाखवा.